निरांजनाच्या डोक्यावरची फळी

डोंबिवलीतल्या आमच्या वन बीएचकेत देव्हाऱ्याला जागा मिळाली ती हॉलच्या कोपऱ्यात, जेमतेम दोन फूट रुंद. सुताराने प्लायचा, वरून पांढरं लॅमिनेट लावलेला देव्हारा भिंतीला ठोकून दिला. आत देवांची पायरी आणि तिच्यावर हातभर उंचीला पोथ्यांसाठी एक फळी. दिसायला फार देखणा होता.

दिवाळीनंतर त्या फळीला खालून पिवळट फोड आला, भोवती काजळीचं वर्तुळ. बरोबर निरांजनाच्या वर! ज्योत इवलीशी असली तरी तिची धग सरळ वर चढते आणि तीन बाजूंनी बंद खणात तिथेच कोंडते. लॅमिनेटखालचा गोंद रोज तापून सुटतो. वर कागदाच्या पोथ्या, म्हणजे काळजी निव्वळ दिसण्याची नव्हती.

तुमच्याकडे असा खण असेल तर दिवा लावून दहा मिनिटांनी फळीखाली हात धरून बघा. चटका बसत असेल तर फळी काढा किंवा दिवा पुढे आणा. आम्ही दोन्ही केलं. पायरीखाली ड्रॉवरच्या चॅनेलवर सरकती फळी बसवली आणि तिच्यावर ग्रॅनाइटचा तुकडा चिकटवून घेतला. पूजेच्या वेळी ती ओढायची, म्हणजे निरांजन छताबाहेर उघड्यावर राहतं. दिवा शांत झाल्याशिवाय फळी आत सरकवायची नाही, हा घरातला कडक नियम. ताम्हणही तिथेच मांडतो. अभिषेकाचं पाणी प्लायवर सांडलं की कापलेल्या कडेतून आत मुरतं आणि कड फुगते; दगडावरचं पुसून टाकता येतं. काजळी मात्र वातीच्या हातात आहे. ज्योत लांबुळकी होऊन धूर काढू लागली की वात जास्त वर आली आहे, ती आत ओढावी.

पसारा आवरला तो सासूबाईंनी. पायरीवर टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख, घंटा यांच्या मागे प्रत्येक यात्रेहून आलेल्या तसबिरी दाटीने उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, रोज ज्यांना गंध लावतेस तेवढेच देव इथे राहू देत. बाकीच्या तसबिरी नीट गुंडाळून कपाटात ठेव.” मला हे म्हणायचा धीर झाला नसता. आता देवांमध्ये बोटभर जागा राहते, फूल वाहताना कोणी आडवं होत नाही.

वाती, कापूर, काडेपेटी यांना खालचा ड्रॉवर आहे. निर्माल्यासाठी आधी झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा होता, त्यात ओली फुलं दोन दिवसांत बुरसायची. सध्या वेताची उघडी परडी गॅलरीत ठेवतो, आणि फुलं सुकली की चुरून कुंडीत जातात.