लेकराचा रोजा आणि आपला हट्ट

आई-बाबांनो, रमजान आला की पुसद, दिग्रस, उमरखेडच्या मोहल्ल्यांत पोरांची चढाओढ सुरू होते. ‘माझ्या मुलीने आठव्या वर्षीच रोजे धरले,’ हे आपणही कौतुकाने सांगतो. कौतुक जरूर करा. पण त्या मुलीवर रोजा फर्ज नाही, हे आधी ध्यानात घ्या. दुपारी तिने माठातलं पाणी प्यायलं, तर गुनाह नाही आणि तो रोजा नंतर भरून काढायचीही गरज नाही. लहानपणीचा रोजा ही सवय लावण्याची गोष्ट आहे.

फर्ज म्हणजे टाळताच येत नाही असं काम. रमजानचा रोजा फर्ज आहे तो वयात आलेल्या, शुद्धीतल्या माणसावर. आपल्याकडे बहुतेक घरं हनफी मसलक मानतात. त्यात फर्जच्या खालोखाल वाजिब येतं. तेही करावंच लागतं, फक्त त्याचा पुरावा फर्जइतका निर्विवाद नसतो. ईदच्या नमाजाआधी द्यायचा फित्रा ऐपत असलेल्यावर वाजिब आहे. पहाटेची सहरी सुन्नत. खाल्ली तर सवाब, राहिली तरी रोजा होतो. ईदनंतर शव्वालचे सहा रोजे मुस्तहब, म्हणजे धरले तर उत्तम, न धरल्यास दोष नाही. इफ्तारला रसना घ्यायचं की लिंबू सरबत, हे मुबाह. तिथे शरीयत काहीच म्हणत नाही.

मकरूह म्हणजे नापसंत. रोज्यात विनाकारण सालनाचं मीठ जिभेवर चाखणं मकरूह आहे. गिळलं नाही तर रोजा तुटत नाही. जुन्या फिकहच्या ग्रंथांत मात्र तापट नवऱ्याच्या बायकोला मीठ चाखायची सवलत दिली आहे. लिहिणाऱ्यांना घरातलं चांगलं ठाऊक होतं!

आणि हराम? धडधाकट मोठ्या माणसाने काही कारण नसताना रमजानचा रोजा मुद्दाम मोडणं हराम. पण मासिक पाळीत रोजा धरायलाच मनाई आहे. ते दिवस नंतर भरायचे. तेव्हा वयात आलेली मुलगी भर दुपारी जेवताना दिसली, तर चारचौघांत ‘का गं?’ विचारू नका.

२०२५ मध्ये रमजान मार्चच्या सुरुवातीला, ऐन दहावीच्या परीक्षेत आला. वयात आलेल्या मुलाला निव्वळ पेपर आहे म्हणून सूट मिळत नाही. आजार किंवा प्रवास असेल तर मिळते, आणि तो रोजा पुढे कजा करावा लागतो. विसरून घोटभर पाणी प्यायलं, तर रोजा तुटतही नाही. पण चक्कर येऊन जीव धोक्यात आला, तर रोजा सोडणंच वाजिब होतं.

तेव्हा लेकरू गळून गेलं, तर लोक काय म्हणतील याचा विचार करू नका. आधी पाणी द्या, मग डॉक्टरांकडे न्या. मसला इमामसाहेबांना नंतर विचारता येईल.