दूधवाल्याला आधी विचारायचं होतं

नेरमध्ये अमरावती-यवतमाळ रस्त्याला लागून मी एका कंपनीच्या नावाचं चहाचं दुकान टाकलं आणि अकरा महिन्यांत बंद केलं. कंपनीचं नाव घेत नाही. तिने दिलेला हिशोब मी वाचला, स्वतः मांडला नाही, ही चूक माझी.

माहितीपत्रक सुरेख होतं. गुंतवणूक 5 लाख, रोज 500 कप, 10 रुपये कप, त्यात 60 टक्के सुटतात. म्हणजे महिन्याला 90 हजार. भाडं, पगार, वीज असे 30 हजार वजा केले की 60 हजार हातात, आणि साडेआठ महिन्यांत पैसे वसूल. बाबांच्या निवृत्तीच्या पैशाची एफडी मोडताना मी त्यांना हेच वाचून दाखवलं. ते एवढंच म्हणाले, "पाचशे कप कोण पिते बाप्पा?"

पाच लाखांत काही भागलं नाही. फ्रँचायझी फी 2 लाख, तिच्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 36 हजार. कंपनीचा माणूस म्हणाला, जीएसटी परत मिळतो. पण वर्षाला 20 लाखांच्या आत उलाढाल असलेलं माझ्यासारखं दुकान नोंदणीच करत नाही. आणि केली तरी खाण्यापिण्याच्या साध्या दुकानाला 5 टक्क्यांच्या दरात ती वजावट नसते. ते पैसे गेलेच. मशीन, काउंटर, फर्निचर कंपनीकडूनच घ्यायचं, 3 लाख. गाळ्याचं डिपॉझिट 50 हजार, पहिला माल 40 हजार. झाले 6 लाख 26 हजार.

खरी गोम कपात होती. माझ्या कपात 50 मिली दूध जायचं. 60 रुपये लिटरने 3 रुपये. चहापत्ती-मसाला 1.10, साखर 40 पैसे, गॅस 50, कागदी कप 50, आणि उकळून उरलेला जो चहा रात्री मोरीत ओतायचो त्याचे 40 पैसे. बेरीज 5.90. म्हणजे कपामागे सहा नव्हे, चार रुपये सुटत होते. "आमची रॉयल्टी नाही" असं कंपनी अभिमानाने सांगायची. कशाला हवी? पत्ती-मसाला तिच्याकडूनच घ्यायची सक्ती होती, बाजारापेक्षा बराच चढ्या भावाने. तिची कमाई माझ्या खरेदीवर होती, माझ्या नफ्यावर नाही. करारात "सक्तीची खरेदी" दिसली की त्या मालाचा बाजारभाव शेजारी लिहून ठेवावा.

महिन्याचा ठरलेला खर्च 30 हजार. मी सकाळी सहापासून गल्ल्यावर उभा, त्याचे मी काहीच धरले नव्हते. दुसरीकडे राबलो असतो तर 12 हजार मिळालेच असते. म्हणून खर्च 42 हजार. चार रुपयांनी भागला तर महिन्याला 10,500 कप, रोजचे 350. एवढे विकले तेव्हा कुठे शून्यावर येतो. रोज 400 विकले तर महिन्याला 6 हजार उरतात आणि भांडवल फिटायला पावणेनऊ वर्षं लागतात. कंपनीच्या तोंडचे 500 धरले तरी 18 हजार, म्हणजे 35 महिने. करार होता 36 महिन्यांचा. त्यानंतर पुन्हा फी. वसुलीचा काळ कराराच्या मुदतीशेजारी ठेवून पाहायचा असतो, हे मला सही केल्यावर कळलं.

माझा सरासरी खप होता 230 कप. दिवाळीत उघडलं तेव्हा कापूस-सोयाबीनचा पैसा गावात खेळत होता, गर्दी बरी होती. मे महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नसे आणि दिसणारा माणूस रसवंतीकडे वळायचा. आणि आपल्याकडे सगळेच फुल चहा थोडेच पितात? पाच रुपयांच्या कटवर बोलणं चालू असतं. कंपनीच्या दरपत्रकात कट नव्हता.

बंद करताना समोरचा टपरीवाला म्हणाला, "भाऊ, मी किती दूध घेतो ते दूधवाल्याला विचारलं असतं तरी समजलं असतं." त्याच्याकडे रोज 12 लिटर जायचं. 50 मिलीने 240 कप! गावातल्या जमलेल्या टपरीचा खप एवढा, आणि मी 500 वर सही केली होती. आता कुणी विचारलं तर आधी हेच सांगतो: आसपासच्या दोन-तीन दुकानांचं दूध विचारा, आणि बाजाराच्या दिवशी, साध्या दिवशी व उन्हाळ्याच्या दुपारी उभं राहून कप मोजा. कंपनीने दाखवलेल्या दुकानदाराशी बोलून भागत नाही. ज्याने बंद केलं तो शोधा. अमेरिकेत सही किंवा पैसे घेण्याच्या निदान 14 दिवस आधी कंपनीला असा सगळा तपशील लेखी द्यावा लागतो, सोडून गेलेल्यांसकट. आपल्याकडे फ्रँचायझीचा वेगळा कायदाच नाही. मुख्य आधार 1872 चा करार कायदा आणि तुम्ही सही केलेला कागद.

डिपॉझिट आणि मशीन-काउंटर मिळून 1 लाख 10 हजार परत आले. कंपनीच्या रंगातलं फर्निचर दुसऱ्याला नको असतं. म्हणून उघडण्याआधीच एक आकडा काढावा: उद्या बंद केलं तर काय परत येईल? उरलेली रक्कम बुडाली तरी घर चालेल, तेवढीच बचतीतून काढावी. बाबांची एफडी त्यात बसत नव्हती. दुकानाची फ्लेक्सची पाटी मात्र कामी आली. सध्या ती गोठ्यावर आहे, पावसाचं पाणी थांबवते.