तिरपी अक्षरे जातात कोठे?

विज्ञान प्रकल्पाचा अहवाल लिहून झाला की शेवटी संदर्भसूची जोडावी लागते. हल्ली अनेक स्पर्धांचे आणि प्रदर्शनांचे अर्ज संगणकावरच भरावयाचे असतात. अर्जात एक रिकामी चौकट असते आणि तिच्यात ही सूची चिकटवावयाची असते. तुम्ही वर्डमध्ये सूची नीट तयार केलेली असते. नियतकालिकांची नावे तिरप्या अक्षरांत, म्हणजे इटॅलिकमध्ये असतात, पानांच्या आकड्यांमध्ये आडवी रेघ असते आणि प्रत्येक संदर्भ नव्या ओळीवर असतो. ती चिकटवून अर्ज पाठवला आणि मग उघडून पाहिला, तर तिरपी अक्षरे सरळ झालेली, रेघेच्या जागी भलतीच चिन्हे आलेली आणि सगळे संदर्भ एकापाठोपाठ एक जोडले गेलेले दिसतात. असे का होते आणि ते कसे टाळावे, हे आज आपण पाहू.

उदाहरणासाठी दोन प्रसिद्ध निबंध घेऊ. पहिला सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन यांचा १९२८ सालचा आणि दुसरा वॉटसन व क्रिक यांचा १९५३ सालचा. दोन्ही ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दुसऱ्याचे शीर्षक येथे थोडक्यात दिले आहे.

```
1. Raman, C. V. and Krishnan, K. S. (1928). A New Type of Secondary Radiation. Nature, 121, 501–502.
2. Watson, J. D. and Crick, F. H. C. (1953). Molecular Structure of Nucleic Acids. Nature, 171, 737–738.
```

तुमच्या फाइलमध्ये यातील नियतकालिकाचे नाव तिरपे आहे असे समजा. आता पहिल्या संदर्भातील रेघ गळून गेली तर काय होईल? पाने ५०१ ते ५०२ याऐवजी `501502` असा एकच आकडा उरेल. वाचणाऱ्याला तो पानाचा क्रमांक वाटेल आणि तो निबंध त्याला सापडणार नाही. म्हणजे हा केवळ शोभेचा प्रश्न नाही.

सूचीतून हरवणाऱ्या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या जातींच्या आहेत. त्या कशा वेगळ्या आहेत हे कळले की उपाय आपोआप सुचतो.

पहिली गोष्ट तिरपेपणाची. संगणक प्रत्येक अक्षर एका क्रमांकाच्या रूपाने साठवतो. सरळ अक्षर आणि तिरपे अक्षर यांचा क्रमांक मात्र एकच असतो. तिरपेपणा हे अक्षर नसून अक्षराला लावलेली सूचना आहे आणि ती वेगळी साठवलेली असते. तुम्ही वर्डमधून मजकूर कॉपी करता तेव्हा क्लिपबोर्डवर त्याच्या एकाहून अधिक प्रती तयार होतात. एका प्रतीत सूचनांसह मजकूर असतो, तर दुसरीत नुसती अक्षरे असतात. चिकटवताना यांपैकी कोणती प्रत घ्यावयाची हे समोरची चौकट ठरवते. साधी चौकट नुसत्या अक्षरांचीच प्रत उचलते. तिरपेपणा वाटेत कोठे हरवत नाही. तो क्लिपबोर्डवरच मागे राहतो.

दुसरी गोष्ट आडव्या रेघेची. ही रेघ मात्र खरेखुरे अक्षर आहे, त्यामुळे ती साध्या चौकटीतही पोहोचावयास हवी. मग ती बिघडते कशी? कळफलकावरील छोटी रेघ, म्हणजे संयोगचिन्ह, आणि पानांच्या आकड्यांमधील किंचित लांब रेघ ही दोन भिन्न अक्षरे आहेत. हल्ली बहुतेक ठिकाणी यूटीएफ-८ या पद्धतीने अक्षरे साठवतात. तिच्यात लांब रेघेसाठी २२६, १२८ आणि १४७ असे तीन आकडे ओळीने लिहिले जातात. जुन्या विंडोज-१२५२ या कोष्टकात मात्र प्रत्येक आकडा म्हणजे स्वतंत्र अक्षर. अर्ज स्वीकारणारी यंत्रणा हे जुने कोष्टक वापरत असेल, तर ती त्या तीन आकड्यांची तीन अक्षरे वाचते आणि पडद्यावर असे दिसते:

```
501â€“502
```

असे चिन्ह दिसले की रेघ नाहीशी झाली नसून चुकीच्या कोष्टकाने वाचली गेली, हे ओळखावे. रेघेच्या जागी `?` आले, तर त्या यंत्रणेच्या कोष्टकात लांब रेघच नाही असे समजावे. छोट्या संयोगचिन्हाला हा धोका नाही, कारण दोन्ही पद्धतींत त्याचा आकडा ४५ हाच आहे.

याच कोष्टकाचा एक उपयोगही आहे. विंडोज-१२५२ मध्ये लांब रेघेचा क्रमांक १५० आहे. म्हणून विंडोजच्या संगणकावर `Alt` ही कळ दाबून धरून उजवीकडील आकड्यांच्या कळफलकावर `0150` दाबले की लांब रेघ उमटते.

तिसरी गोष्ट ओळींची. ओळ दोन प्रकारे बदलते. समासापाशी जागा संपली की संगणक शब्द खाली ढकलतो. तेथे कोणतेही अक्षर नसते. तुम्ही `Enter` दाबता तेव्हा मात्र ओळ तोडण्याचे अदृश्य अक्षर मजकुरात येते. हे अक्षर मोठ्या चौकटीत टिकते, पण एकाच ओळीची चौकट असेल तर ते काढून टाकले जाते. शिवाय आणखी एक अडचण असते. अर्ज नंतर वेबपानाच्या रूपात दाखवला जातो आणि वेबपानाच्या नियमाप्रमाणे ओळ तोडणारे अक्षर साध्या मोकळ्या जागेसारखे मानले जाते. म्हणून चौकटीत भरताना ओळी व्यवस्थित दिसतात आणि अर्ज जतन झाल्यावर त्या एकमेकींना चिकटतात.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. चिकटवल्यावर लगेच जे दिसते त्यावरून निष्कर्ष काढू नये. अर्ज जतन करून किंवा त्याचे पूर्वदर्शन उघडून मगच पाहावे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. सगळी सूची चिकटवण्यापूर्वी एक छोटी चाचणी घ्या. वर्डमध्ये पुढील दोन ओळी लिहा. त्यातील पहिला शब्द तिरपा करा आणि दुसऱ्या ओळीत चिन्हे आहेत तशीच टाइप करा.

```
Nature 501–502
<i>Nature</i> 501-502
```

या ओळी चौकटीत चिकटवा, जतन करा आणि काय दिसते ते पाहा. निकाल तीनपैकी एक असेल.

पहिल्या ओळीतील शब्द तिरपाच राहिला, तर चौकट सूचनांसह मजकूर घेणारी आहे. अशा चौकटीच्या वर बहुधा ठळक व तिरप्या अक्षरांची बटणे असतात. येथे `Ctrl+V` ने सरळ चिकटवावे. `Ctrl+Shift+V` वापरू नये, कारण अनेक ब्राउझरांत त्यामुळे नुसती अक्षरेच चिकटतात.

पहिला शब्द सरळ झाला पण दुसऱ्या ओळीतील शब्द तिरपा दिसला, तर चौकट साधी आहे, मात्र तिला एचटीएमएलच्या खुणा समजतात. मग तिरपेपणाची सूचना आपणच अक्षरांच्या रूपात लिहावयाची. मूळ फाइलची एक प्रत काढा. वर्डमध्ये `Ctrl+H` दाबून शोधा-बदला ही खिडकी उघडा. शोधावयाचा रकाना रिकामा ठेवून त्याला तिरप्या अक्षरांची अट लावा आणि बदलावयाच्या रकान्यात हे लिहा:

```
<i>^&</i>
```

येथे `^&` याचा अर्थ ‘जे सापडले तेच’. त्यामुळे प्रत्येक तिरप्या तुकड्याभोवती खुणा बसतात. ही कृती एकदाच करावी. पुन्हा केली तर खुणा दुहेरी होतील. चाचणीतील दोन ओळी एकत्र आल्या असतील, तर प्रत्येक संदर्भाच्या शेवटी `<br>` लिहावे. त्या आधीच वेगळ्या राहिल्या असतील तर ते लिहू नये, नाहीतर मध्ये रिकाम्या ओळी येतील. लांब रेघ बिघडत असेल तर तिच्या जागी `&ndash;` लिहावे. ही सारी अक्षरे कळफलकावरची साधीच असल्याने जुन्या कोष्टकातूनही सुखरूप जातात. आपला पहिला संदर्भ आता असा होईल:

```
1. Raman, C. V. and Krishnan, K. S. (1928). A New Type of Secondary Radiation. <i>Nature</i>, 121, 501&ndash;502.<br>
```

अर्जाला अक्षरमर्यादा असेल तर खुणांचाही हिशेब करावा. तिरपेपणाच्या जोडीला ७ अक्षरे, `<br>` ला ४ आणि रेघेच्या खुणेला मूळ एकाऐवजी ७ अक्षरे लागतात. म्हणजे प्रत्येक संदर्भामागे १७ अक्षरे वाढतात. १२ संदर्भ असतील तर २०४.

तिसऱ्या शक्यतेत पहिला शब्द सरळ होतो आणि दुसऱ्या ओळीत `<i>` ही खूण जशीच्या तशी दिसते किंवा नुसतीच गळून जाते. अशा चौकटीत तिरपी अक्षरे राहू शकत नाहीत, हे मान्य करावे. येथे खुणा लिहू नयेत. लेखक, वर्ष, शीर्षक, नियतकालिक, खंड, पाने हा क्रम प्रत्येक संदर्भात एकच ठेवावा, म्हणजे तिरपेपणा नसतानाही नियतकालिकाचे नाव कोणते ते कळते. प्रत्येक संदर्भाला क्रमांक हाताने टाइप करावा. ओळी एकत्र आल्या तरी क्रमांकावरून संदर्भ वेगळे ओळखता येतील. लांब रेघ बिघडत असेल तर साधे संयोगचिन्ह वापरावे. अर्जासोबत फाइल जोडण्याची सोय असेल, तर मूळ सूची पीडीएफच्या रूपात जोडावी.

येथे एका फसव्या उपायापासून सावध राहा. युनिकोडमध्ये गणितासाठी तिरप्या रोमन अक्षरांचा एक स्वतंत्र संच आहे आणि साध्या मजकुराचे त्यात रूपांतर करून देणारी साधनेही मिळतात. ती अक्षरे साध्या चौकटीतही तिरपी दिसतात, पण त्यांचे क्रमांक निराळे असतात. नियतकालिकाचे नाव शोधणाऱ्याला ते सापडेलच याची खात्री राहत नाही, आणि दृष्टिहीनांसाठी मजकूर वाचून दाखवणारी यंत्रे अशा नावापाशी अडखळतात. या संचात एक गंमतही आहे. त्यातील छोट्या `h` ची जागा रिकामी आहे, कारण ते अक्षर प्लांकच्या स्थिरांकाचे चिन्ह म्हणून युनिकोडमध्ये आधीच दुसरीकडे होते! ही अक्षरे सूत्रांसाठी आहेत. नावे लिहिण्यासाठी ती वापरू नयेत.

शेवटी तपासणी. जतन केलेला अर्ज उघडून तीन वेळा मोजा: संदर्भ किती, तिरपी नावे किती आणि पानांमधील रेघा किती. हे आकडे मूळ फाइलशी जुळले पाहिजेत. मग `Ctrl+F` ने `â€` आणि `<i>` शोधा. दोन्ही सापडता कामा नयेत. ‘?’ सापडले तर ते एखाद्या शीर्षकातील खरे प्रश्नचिन्ह आहे की हरवलेल्या रेघेची जागा, हे मात्र वाचूनच ठरवावे लागेल.