डोके बदलले, मान कुणाची?



आपल्या नववीच्या एका विद्यार्थ्याने संगणक वर्गात घरचे दोन जुने फोटो आणले. एका फोटोत, लग्नाच्या घोळक्यात, त्याचे पणजोबा उघड्या गळ्याच्या शर्टात उभे आहेत. दुसऱ्या फोटोत पणजोबांचे थोरले भाऊ शेरवानीत आहेत. निजामाच्या काळात आपल्याकडची मराठी नोकरदार मंडळीही शेरवानी घालत. पणजोबाही कचेरीत शेरवानीतच जात, पण तसा त्यांचा एकही फोटो नाही. म्हणून भावाच्या शेरवानीवर पणजोबांचे डोके बसवायचे ठरले.

मुलांनी भावाच्या डोक्याएवढेच पणजोबांचे डोके केले आणि चिकटवले. भावाचे डोके माथ्यापासून हनुवटीपर्यंत ३०० पिक्सेल होते. पणजोबांचे मूळ ४२० होते, ते ७१ टक्के केले. हिशेब बरोबर, पण फोटो चूक! आडदांड शरीरावर लिंबाएवढे डोके दिसू लागले. कारण माप भावाच्या डोक्याशी जुळवले होते. ते खरे तर पणजोबांच्या स्वतःच्या खांद्यांशी जुळवायला हवे होते. मोठ्या माणसाचे खांदे, कपड्यांसह, साधारण दोन डोक्यांच्या उंचीइतके रुंद असतात. लग्नाच्या फोटोत पणजोबांचे खांदे ८०० पिक्सेल, म्हणजे डोक्याच्या १.९ पट. भावाचे खांदे ६६० पिक्सेल, म्हणजे ३०० च्या २.२ पट. मग डोके ७८ टक्के, म्हणजे ३२८ पिक्सेल केले आणि शेरवानीचे खांदे दोन्ही बाजूंनी थोडे आत घेतले. फार आत घेतले तर गुंड्या लांबट होतात, तेव्हा जपून.

आता मान. हनुवटीपासून गळ्याच्या खळगीपर्यंतचे अंतर समोरून डोक्याच्या सुमारे एक तृतीयांश भरते. इथे ते १०९ पिक्सेल. शेरवानीची उभी कॉलर खळगीपासून वर चढते आणि चार-साडेचार सेंटिमीटर मान झाकते. आपल्या फोटोत ते झाले ६५ पिक्सेल. उरली ४४, म्हणजे दोन बोटांएवढी. मुलांनी ९० ठेवली होती, म्हणून पणजोबा जिराफासारखे दिसत होते.

कॉलरची खरी गोम अशी की ती मानेच्या पुढेही असते आणि मागेही. म्हणून तीन थर लागतात. तळाला शेरवानी व कॉलरची मागची कड, त्यावर डोके आणि पणजोबांची स्वतःची मान, आणि सर्वांत वर कॉलरच्या पुढच्या भागाची कापलेली प्रत. असे केले की मान कॉलरमध्ये शिरते, वर ठेवल्यासारखी दिसत नाही. भावाची मान जाड होती. तिच्या कडा दोन्हीकडून डोकावत होत्या, त्या आधी मागच्या पडद्याच्या रंगाने पुसून घेतल्या. मग कॉलरच्या काठालगत मानेवर एक बारीक सावली Multiply पद्धतीने दिली. ती काठाशी गडद हवी आणि वर विरत जायला हवी. ती नसली तर कॉलर कागदाची वाटते.

एक अडचण प्रकाशाची होती. एका फोटोत उजेड डावीकडून, दुसऱ्यात उजवीकडून. एक मुलगी म्हणाली, "सर, डोके उलटे करू." मी थांबवले. १८६५ मध्ये अब्राहम लिंकन यांचा खून झाल्यावर जॉन कॅल्हून या दुसऱ्या पुढाऱ्याच्या जुन्या चित्रावर लिंकन यांचे डोके बसवून चित्रे छापली गेली. पुढे स्टीफन लोरांट या अभ्यासकाने ते पकडले, तेही गालावरच्या तिळामुळे. तीळ भलत्याच बाजूला होता, कारण डोके उलटे छापले गेले होते. पणजोबांच्या गालावरही तीळ आहे! लग्नाचा फोटो मांडवाच्या सावलीतला, उजेड मऊ होता, त्यामुळे एक गाल किंचित गडद केल्यावर काम भागले.

फोटो तयार झाला. सर्वांना पसंत पडला. विद्यार्थ्याच्या आजीने मात्र चष्मा पुसून दोनदा पाहिला आणि म्हणाली, "डोकं बाबांचंच आहे रे, पण हे बाबा नव्हेत. त्यांची मान एवढी ताठ कुठे होती? आयुष्यभर हिशेबाच्या वह्यांवर वाकलेला माणूस तो."

हे मलाही सुचले नव्हते. पोक काढणाऱ्या माणसाची मान पुढे झुकते, म्हणून समोरून ती आखूड दिसते आणि खांद्यांची टोके उतरलेली असतात. लग्नाच्या फोटोत हे स्पष्ट होते. आम्ही फक्त रुंदी मोजली, उतार पाहिलाच नाही. डोके १४ पिक्सेल खाली घेतले, म्हणजे मान ३० उरली. हनुवटीखालची सावली थोडी वाढवली. खांद्यांची टोके वाकवून खाली आणली, त्याबरोबर शिवणही उतरली.

आजींनी तो फोटो ठेवून घेतला. मागे मुलांनी लिहिले आहे : चेहरा व मान पणजोबांची, शेरवानी थोरल्या भावाची, जोडकाम नववीच्या वर्गाचे.