गृहकर्ज : पंधरा वर्षे की वीस?



गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत आमच्या शाळेतल्या एका तरुण सरांनी कागद पुढे केला. श्रीपूरलाच घर बांधायला काढलंय. "सर, बँकवाले म्हणतात वीस वर्षे घ्या, घरचे म्हणतात पंधरातच उरका. काय करू?" आम्ही फळ्यावरच हिशोब मांडला. तोच इथे देतो.

कर्ज २० लाख, व्याजदर ८.५ टक्के धरू. पंधरा वर्षांचा हप्ता येतो सुमारे १९,६९५ रुपये आणि एकूण व्याज साधारण १५ लाख ४५ हजार. वीस वर्षांचा हप्ता १७,३५६ रुपये, पण व्याज २१ लाख ६६ हजार. म्हणजे महिन्याला २,३३९ रुपयांची सवलत घेतली, तर शेवटी सव्वासहा लाख जास्त जातात.

एवढं पाहून कोणीही म्हणेल, पंधराच घ्या. पण सरांच्या हातात महिन्याला सुमारे ५० हजार येतात. आई-वडील सोबत, मुलगी लहान, घर नवं म्हणजे फरशी-नळ-गेटचे खर्च संपता संपत नाहीत. पहिली दोन-तीन वर्षेच खरी ओढाताणीची. तेव्हा ते २,३३९ रुपये फार मोठे असतात, दहा वर्षांनी तेवढे राहत नाहीत.

कारण आपला पगार जागेवर थांबत नाही. दर जुलैला मूळ वेतनावर ३ टक्के वेतनवाढ मिळते. मूळ वेतन ३८,१०० असेल तर ते ३९,२०० होतं. महागाई भत्ता वेगळा, पण तो महागाईतच जातो, म्हणून तो मी हिशोबात धरलाच नाही.

आता गंमत बघा. कर्ज वीस वर्षांचंच घ्यायचं, पण दरवर्षी हप्ताही फक्त ३ टक्क्यांनी वाढवायचा. पहिल्या वर्षी १७,३५६, दुसऱ्या वर्षी १७,८७७. वाढ ५२१ रुपयांची, म्हणजे ११०० च्या वेतनवाढीतला निम्म्याहून कमी भाग. असं चालू ठेवलं तर कर्ज चौदा वर्षे आणि एका महिन्यात फिटतं! व्याज जातं सुमारे पावणेसोळा लाख. पंधरा वर्षांच्या कर्जापेक्षा तीसेक हजारच जास्त, आणि सुरुवातीचा ताण मात्र वीस वर्षांचा. दरवर्षी ५ टक्के वाढवता आला तर सव्वाबारा वर्षांतच मोकळे.

हे होतं कसं? पहिल्या हप्त्यातले १४,१६७ रुपये नुसतं व्याज असतं, मुद्दल जेमतेम ३,१८९ फिटतं. वाढवलेले ५२१ रुपये मात्र पूर्णच्या पूर्ण मुद्दलात जातात.

मग तीस वर्षे घेऊन हप्ता आणखी कमी का करू नये? तिथे धोका आहे. तीस वर्षांचा हप्ता १५,३७८. व्याजदर सुरुवातीलाच सव्वानऊच्या वर गेला, तर हा सगळा हप्ता व्याजातच संपतो, उलट मुद्दल वाढायला लागतं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला होता, तेव्हा बदलत्या दराच्या अनेक कर्जांची मुदत अशीच लांबली. वीस वर्षांच्या हप्त्याला ही वेळ यायला दर १०.४ टक्क्यांपर्यंत जावा लागतो. शिवाय जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची निवृत्ती ५८ व्या वर्षी. पुढचे हप्ते निवृत्तिवेतनातून भरायची पाळी आणू नये.

आता व्यवहाराची गोष्ट. हप्ता आपोआप वाढत नाही. दर जुलैत बँकेत लेखी अर्ज द्यावा लागतो. काही ठिकाणी हप्ता बदलून देत नाहीत, तर वर्षभराची बाजूला ठेवलेली रक्कम एकरकमी मुद्दलात भरावी. (वर्षातून एकदा उसाचं बिल येणाऱ्या घरांनाही हीच रीत सोयीची.) व्यक्तीच्या नावावरच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर बँक यासाठी दंड लावू शकत नाही, तसा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

पण अर्जात स्पष्ट लिहा : "हप्ता तोच ठेवावा, मुदत कमी करावी." नाहीतर मुदत तीच राहून हप्ता कमी होऊ शकतो. माझ्या स्वतःच्या कर्जात तसंच झालं होतं, आणि मला ते दोन वर्षांनी कळलं. म्हणून पैसे भरल्यावर महिनाभरात कर्जाचा उतारा काढून उरलेले हप्ते मोजा. आकडा कमी झालेला दिसला नाही तर लगेच शाखेत जा.

सरांना मी एवढंच विचारलं, "दर जुलैला अर्ज द्यायला तुम्ही खरंच जाल का?" ते हसले. "खरं सांगू सर? पहिली दोन वर्षे जाईन, मग राहून जाईल." आणि न वाढवलेलं वीस वर्षांचं कर्ज म्हणजे पुन्हा तेच २१ लाख ६६ हजार.

शेवटी त्यांनी वीस वर्षेच घेतली, पण अर्जाचं काम वहिनींकडे दिलंय.