अर्धशिशीचा क्लेम नामंजूर झाला तर पत्र कसे लिहावे?

अर्धशिशी, म्हणजेच मायग्रेन, बहुधा घरीच गोळीने आटोक्यात येते. त्यामुळे या दुखण्यासाठी रुग्णालयात राहावे लागले, तर ‘केवळ तपासणीसाठी भरती केले’ असे कारण देऊन विमा कंपनी क्लेम नाकारू शकते. अशा वेळी फेरविचारासाठी पत्र लिहिता येते. मात्र त्यात तक्रारीपेक्षा पुरावा हवा.

समजा, अल्लीपूरच्या एका गृहिणीचे डोके शुक्रवारी सकाळी दुखू लागले. उलट्यांमुळे गोळ्या पोटात टिकेनात. सोमवारी रात्री 10 वाजता तिला हिंगणघाटला भरती केले. दोन दिवस सलाईन आणि शिरेतून इंजेक्शने दिली. एमआरआय निर्दोष निघाला. डिस्चार्ज कार्डावर मात्र ‘मायग्रेन, एमआरआय नॉर्मल’ एवढेच लिहिले गेले. क्लेम अडतो तो येथेच.

पॉलिसीतील अट अशी असते की, भरती मुख्यतः तपासणीसाठीच असेल तर खर्च मिळत नाही. म्हणून उपचार झाले, आणि ते घरी शक्य नव्हते, हे दाखवावे लागते. त्याचा पुरावा रुग्णालयाच्या केसपेपरात व नर्सच्या तक्त्यात असतो. कोणते औषध किती वाजता दिले हे तेथे लिहिलेले असते. रुग्णाने मागणी केल्यावर डॉक्टरांनी 72 तासांत नोंदी द्याव्यात, असा वैद्यकीय परिषदेचा 2002 चा नियम आहे. सोबत डॉक्टरांचा दाखलाही घ्यावा. झटका 72 तासांपलीकडे गेला, तर त्याला ‘स्टेटस मायग्रेनोसस’ म्हणतात. डॉक्टरांचे निदान तसे असेल तर दाखल्यात ते स्पष्ट यावे.

पॉलिसी क्रमांक, क्लेम क्रमांक व नामंजुरीची तारीख वर घालून पत्रात एवढे लिहावे:

‘मा. तक्रार निवारण अधिकारी यांस,
माझी भरती केवळ तपासणीसाठी नव्हती. डोकेदुखी तीन दिवसांहून अधिक चालू होती व उलट्यांमुळे तोंडाने औषध टिकत नव्हते. दोन दिवस सलाईन व शिरेतून इंजेक्शने दिली. त्यांच्या वेळा सोबतच्या तक्त्यात आहेत. एमआरआय मेंदूतील दुसरा आजार नाही ना, हे पाहण्यासाठी डॉक्टरांनी सांगितला होता. त्यांचा दाखला जोडला आहे. तरी क्लेमचा फेरविचार करावा. तो नाकारल्यास पॉलिसीतील नेमके कलम लेखी कळवावे.’

पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पुन्हा नकार आला, तर विमा लोकपालाकडे दाद मागता येते. त्यासाठी फी नाही, वकीलही लागत नाही. नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा.

एक मर्यादा मात्र ध्यानात असावी. भरतीच्या काळात फक्त एमआरआय झाला आणि औषध गोळ्यांचेच होते, असे नोंदी सांगत असतील, तर पत्राने क्लेम मिळणे कठीण. अशा वेळी कागदात मागाहून फेरफार करून घेऊ नये. तारखांचा मेळ बसला नाही की खरा भागही खोटा ठरतो.