संगणक लॉक झाला तर? देगलूरच्या एका फर्मसाठी रॅन्समवेअरचा टेबलटॉप सराव कसा लिहायचा

व्हिडिओमध्ये आपण रॅन्समवेअर म्हणजे काय ते पाहिलं. कुणीतरी तुमच्या संगणकात शिरतं, फाइली कुलूपबंद करतं आणि किल्लीसाठी पैसे मागतं. आता पुढचा भाग. तसं झालं तर कोण काय करणार, याचा सराव टेबलाभोवती बसून कसा घ्यायचा? त्यासाठी आधी गोष्ट लिहावी लागते, ती कशी लिहायची ते इथे बघू.

टेबलटॉप सरावात कुठल्याही संगणकाला हात लावायचा नाही. चार-पाच जण बसतात आणि एक जण सूत्रधार होतो. तो थोड्या थोड्या वेळाने एकेक चिठ्ठी देतो. या चिठ्ठीला इंजेक्ट म्हणतात. चिठ्ठी वाचली की गटाने निर्णय घ्यायचा. दीड तासात सगळं आटोपतं.

आधी निर्णय ठरवा, गोष्ट नंतर

बहुतेक लोक आधी हॅकरची रंगतदार कहाणी लिहितात. मग दीड तास गप्पा होतात आणि हाती काहीच लागत नाही. तुम्ही उलटं करा. ज्या निर्णयांवर तुमचा धंदा अडेल असे तीन-चार निर्णय आधी कागदावर काढा.

एक खरं उदाहरण बघा. ३१ जुलै २०२४ ला सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याचं समोर आलं. ही कंपनी सहकारी आणि ग्रामीण बँकांना बँकिंगची यंत्रणा पुरवते. एनपीसीआयने सी-एजला आपल्या पेमेंट नेटवर्कपासून तोडून टाकलं. सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएम व्यवहार अडले. तपासणी करून दुसऱ्या दिवशी जोडणी पुन्हा सुरू झाली. इथे निर्णय कुठला होता? पूर्ण माहिती हाती नसताना तोडायचं की थांबायचं. तोडलं तर लोकांची गैरसोय नक्की होणार, नाही तोडलं तर आग कुठवर जाईल ते सांगता येत नाही. निर्णयाचा टप्पा असा असतो. दोन्ही बाजूंना काहीतरी गमवावं लागतं आणि घड्याळ चालू असतं. ज्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर आहे तो परीक्षेचा प्रश्न झाला.

आपली फर्म

आपण एक काल्पनिक फर्म धरू. देगलूरमध्ये पीव्हीसी पाइप आणि मोटारपंप विकणारी, बारा माणसांची. माल मुखेड-बिलोलीला जातो आणि सीमेपलीकडे तेलंगणात मदनूरलाही जातो. संगणक तीन आहेत: टॅली असलेला मुख्य, बिलिंग काउंटरचा आणि गोडाऊनचा. फर्म जीएसटी रिटर्न दरमहा भरते. सरावाला पाच जण बसतील: मालक, हिशेब बघणाऱ्या ताई, काउंटरवरचा मुलगा, गोडाऊनचे मामा आणि नांदेडचा कॉम्प्युटरवाला. तो फोनवर असला तरी चालेल.

पडद्यामागची हकीकत

हा कागद फक्त सूत्रधाराकडे राहतो. खरं काय घडलं ते यात लिहायचं, म्हणजे कुणी काहीही विचारलं तरी उत्तर जुळतं. आपली हकीकत अशी:

शुक्रवारी रात्री चोर रिमोट डेस्कटॉपमधून शिरला. कॉम्प्युटरवाल्याला घरून काम करता यावं म्हणून तो रस्ता इंटरनेटवर उघडा होता आणि पासवर्ड सोपा होता. शनिवारी त्याने ग्राहकांची यादी आणि उधारीचा तपशील बाहेर नेला. रविवारी रात्री दोन वाजता फाइली कुलूपबंद केल्या. बॅकअपची हार्ड डिस्क मुख्य संगणकाला कायम जोडलेली होती, म्हणून तीही गेली. गोडाऊनचा संगणक रविवारी बंद होता, म्हणून तो वाचला. ३१ तारखेपर्यंतचा डेटा एका पेन ड्राइव्हवर सीएंच्या ऑफिसात पडून आहे.

बंद संगणक वाचतो ही काही कल्पना नाही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या हल्ल्याने मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं नेटवर्क कोसळलं. आपल्या न्हावाशेवा बंदरातलं तिचं टर्मिनलही त्यात अडकलं. या हल्ल्यात कुलूप नावापुरतं होतं, डेटा परत मिळणारच नव्हता. सगळ्या संगणकांची ओळख सांभाळणारे मर्स्कचे सर्व्हर एकजात गेले. एकच वाचला, तो घानामधला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेली होती. त्यावरूनच पुढची उभारणी झाली.

चिठ्ठ्या लिहू या

सोमवार, ९ तारीख. जीएसटीआर-१ भरायची शेवटची तारीख ११.

*चिठ्ठी १, सकाळी ९.१०, काउंटरच्या मुलाला:* "टॅली उघडत नाही. फाइलींच्या नावापुढे विचित्र अक्षरं आलीत. डेस्कटॉपवर README नावाची फाइल आहे. मामा गोडाऊनचा संगणक चालू करायला निघालेत."

चिठ्ठीत 'रॅन्समवेअर' हा शब्द नाही. खऱ्या दिवशीही तो कुणी सांगत नसतो. निर्णय असा: आत्ता, या पाच मिनिटांत काय करायचं आणि ते सांगायचा अधिकार कुणाला? चांगला गट नेटवर्कची केबल काढतो, वायफाय बंद करतो आणि मामांना थांबवतो. बिघडलेला संगणक नेटवर्कपासून तोडून तसाच चालू ठेवतो, कारण मेमरीतले पुरावे बंद केल्यावर जातात. तोडणं शक्यच नसेल, तरच तो बंद करायचा. सूत्रधाराने फक्त ऐकायचं: मालक गावाला गेले असते तर केबल काढायची हिंमत कुणी केली असती?

*चिठ्ठी २, ९.४०, ताईंना:* "बॅकअपच्या डिस्कवरही तशीच अक्षरं दिसतात. सीएंकडे ३१ तारखेचा पेन ड्राइव्ह आहे. कॉम्प्युटरवाला फोनवर म्हणतो, आणा लगेच, टाकून बघू."

इथे घाईचा सापळा आहे. तो पेन ड्राइव्ह ही एकमेव धड प्रत आहे. बिघडलेल्या संगणकाला लावला तर तीही जाईल. आधी स्वच्छ संगणकावर तिची नक्कल काढायची आणि मूळ ड्राइव्ह बाजूला ठेवायचा. मग दुसरा प्रश्न येतो: १ ते ८ तारखेचा हिशेब कुठून आणायचा? गटाला शोधू द्या. काढलेली ई-वे बिलं पोर्टलवर सापडतात, बँकेचं स्टेटमेंट मिळतं, ग्राहकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या बिलांच्या पीडीएफ फोनमध्ये असतात. ही यादी गटाच्या तोंडून आली पाहिजे, चिठ्ठीतून नाही.

*चिठ्ठी ३, १०.३०, मामांना:* "मदनूरच्या पाइपांची गाडी भरून उभी आहे. दोन लाखांचा माल. ड्रायव्हर म्हणतो, बिल द्या नाहीतर मी दुसरं भाडं घेतो."

गाडी सोडायची की थांबवायची? परराज्यात पन्नास हजारांवरचा माल ई-वे बिलाशिवाय गेला तर रस्त्यात अडेल. पण ई-वे बिल सरकारी पोर्टलवर निघतं, त्याला टॅली लागत नाही. स्वच्छ लॅपटॉप आणि लॉगिन असलं की काम होतं. मग पासवर्ड कुठे आहे? तो बिघडलेल्या संगणकातच साठवलेला असेल, तर तो चोराच्या हाती लागला असंच धरायचं आणि स्वच्छ लॅपटॉपवरून आधी बदलायचा. बिल हाताने लिहायचं तर त्या बिलांना वेगळी क्रमांक-मालिका द्या, म्हणजे टॅलीतल्या क्रमांकांशी गोंधळ होणार नाही. हे चालतं, पण फर्मला ई-इन्व्हॉइस लागू असेल तर सीएंना आधी विचारा.

*चिठ्ठी ४, ११.३०, मालकांना:* "README मध्ये लिहिलंय: ७२ तासांत आठ लाख द्या, नाहीतर ग्राहकांची यादी जाहीर करू. त्याच वेळी मुखेडच्या ग्राहकाचा फोन: दादा, तुमच्या नावाने नवीन बँक खात्याचा मेसेज आलाय, पैसे टाकू का?"

ही चिठ्ठी मुद्दाम दोन कामं एकदम टाकते. गट खंडणीवर वाद घालत बसेल आणि ग्राहक पैसे पाठवून मोकळा होईल. आधी ग्राहकाला थांबवायचं, मग सगळ्या ग्राहकांना कळवायचं. कुणाचे पैसे गेले असतील तर त्याने लगेच १९३० वर फोन करायचा. खंडणीचा विचार त्यानंतर. पैसे दिले तरी किल्ली चालेलच असं नाही आणि बाहेर गेलेली यादी परत येत नाही. काही जुन्या प्रकारांची किल्ली nomoreransom.org वर फुकट मिळते, ते आधी तपासायचं. आणि चोराशी कुणीही परस्पर बोलायचं नाही.

एक चिठ्ठी लिहायचीच नाही

सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, incident@cert-in.org.in या ईमेलवर. आपल्या गोष्टीत घटना ९.१० ला लक्षात आली, म्हणजे मुदत दुपारी ३.१०. याची आठवण कुठल्याही चिठ्ठीत ठेवू नका. गटाला स्वतःहून सुचतं का ते बघा. नाही सुचलं, तर तेच तुमच्या सरावाचं सगळ्यात कामाचं निरीक्षण.

चिठ्ठी फसली हे कसं ओळखायचं

चिठ्ठी वाचल्यावर दोन मिनिटांत सगळे सहमत झाले तर ती फार सोपी आहे, किंवा उत्तर तिच्यातच लिहिलेलं आहे. दहा मिनिटं होऊनही गट "हॅकर कोण असेल" यावरच बोलत असेल, तर तिच्यात घड्याळ नाही. ड्रायव्हर, ग्राहक किंवा मुदत असं काहीतरी वाट बघणारं घाला. आणि प्रत्येक प्रश्नावर सगळे कॉम्प्युटरवाल्याकडेच बघत असतील, तर पुढच्या चिठ्ठीत लिहा: "त्याचा फोन लागत नाही. नांदेडहून पोचायला त्याला दोन तास लागतील."

शेवटची वीस मिनिटं

सूत्रधाराने प्रत्येक चिठ्ठीसमोर तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: निर्णय कुणी घेतला, किती मिनिटांत, आणि कुठली माहिती हाताशी नव्हती. त्यातून तीनच कामं काढा, प्रत्येकासमोर नाव आणि तारीख. आपल्या फर्मची अशी निघतील: बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवायची, ताई, आजपासून. रिमोट डेस्कटॉपचा उघडा रस्ता बंद करायचा, कॉम्प्युटरवाला, शनिवारपर्यंत. महत्त्वाचे फोन नंबर आणि "केबल कुणीही काढू शकतो, विचारायची गरज नाही" हे वाक्य छापून काउंटरवर चिकटवायचं, मालक, उद्या.

तीन महिन्यांनी पुन्हा बसा. चिठ्ठ्या त्याच ठेवा, पण पडद्यामागची हकीकत बदला. या वेळी गोडाऊनचा संगणक रविवारी चालूच राहिला होता आणि सीएंकडचा पेन ड्राइव्ह रिकामा निघाला.